धागा: ठिपक्यांच्या कागदावर घनांची रचना काढताना मधली उभी रेघ काढायची की नाही?

ऐरोली_आई

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या गणिताच्या सरावात सारख्या आकाराचे घन रचून तयार झालेल्या आकृतीचे आयसोमेट्रिक कागदावर चित्र काढायचे आहे. प्रश्नात फक्त वरून दिसणारा नकाशा दिलेला आहे, आणि त्याच्या प्रत्येक घरात त्या जागी एकावर एक किती घन आहेत तो आकडा लिहिलेला आहे. नकाशातील चौरस एका कोपऱ्यावर उभा केलेला आहे. मागच्या घरात 3, डाव्या घरात 2, उजव्या घरात 1 आणि आपल्याकडचे पुढचे घर रिकामे, म्हणजे एकूण सहा घन झाले.

मुलीने काढलेले चित्र मला तरी बरोबर वाटले, परंतु वर्गात त्यातील मधल्या उभ्या रेघेचा एक तुकडा लाल शाईने खोडला गेला. तिच्या मैत्रिणीने तोच तुकडा काढला नव्हता आणि तिला पूर्ण गुण मिळाले. ही रेघ नेमकी कुठे असावी आणि कुठे नसावी, हे कोणी पायरीपायरीने समजावून सांगेल का? शिकवणीला पाठवण्याचा विचार नाही, मला स्वतःलाच समजून घ्यायचे आहे.

वाशी_सेक्टर_नऊ

ताई, यात अवघड काहीच नाही. चौकटीच्या वहीवर आधी पुढचा चौरस काढावा, मग त्याच्या तीन कोपऱ्यांपासून तिरप्या रेघा चौकटीच्या कर्णाने मागे न्याव्यात आणि त्यांची टोके जोडावीत, की घन तयार झाला. आम्ही शाळेत असेच काढत होतो. दुसरा घन त्याच्या शेजारी चिकटवत जायचा. नातवालाही मी हेच शिकवले आणि त्याला ते लगेच जमले.

नौपाडा_गणित

काका, तुम्ही सांगता ती पद्धत चुकीची नाही, पण ती वेगळ्या चित्राची आहे. चौकटीच्या कागदावरच्या तिरप्या चित्रात पुढची बाजू खऱ्या आकाराचा चौरस राहते आणि मागे जाणाऱ्या कडा अंदाजाने आखूड घेतल्या जातात. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात ही दोन्ही चित्रे एकाच प्रकरणात शेजारी शेजारी दिलेली होती, त्यामुळे हा गोंधळ अनेक घरांत होतो. आयसोमेट्रिक चित्रात एकही बाजू चौरस दिसत नाही. प्रत्येक बाजू समभुज चौकोन होते आणि घनाच्या तिन्ही दिशांच्या कडा कागदावर सारख्याच लांबीच्या येतात. म्हणूनच तेथे त्रिकोणी मांडणीचे ठिपके लागतात.

ऐरोलीच्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. या कागदावर रेघ फक्त तीन दिशांनी ओढायची असते: सरळ उभी, डावीकडे उतरती आणि उजवीकडे उतरती. आडवी रेघ कधीच येत नाही, आणि मुलाच्या चित्रात ती आली असेल तर पुढचे काही तपासण्याची गरज उरत नाही.

आता तुमची सहा घनांची आकृती घेऊ. मी नेहमी सर्वांत उंच मनोऱ्याच्या माथ्यापासून सुरुवात करायला सांगतो, कारण माथे झाकले जाण्याची शक्यता कमी असते. कागदाच्या वरच्या भागात मध्यावर एक ठिपका निवडा आणि त्याला क म्हणा. हा मागच्या, तीन घनांच्या मनोऱ्याच्या माथ्याचा आपल्याकडचा कोपरा आहे. क पासून डावीकडे वर एक ठिपका, उजवीकडे वर एक ठिपका आणि सरळ वर एक ठिपका, असे तीन ठिपके घेऊन समभुज चौकोन पूर्ण करा. पहिला माथा झाला.

क च्या सरळ खाली एक ठिपका उतरलात की डाव्या मनोऱ्याच्या माथ्याची पातळी येते, कारण तो एका घनाने बुटका आहे. या ठिपक्यापासून एक ठिपका डावीकडे खाली आणि एक डावीकडे वर घेऊन दुसरा समभुज चौकोन काढा. उजवा मनोरा दोन घनांनी बुटका आहे, म्हणून क पासून दोन ठिपके खाली उतरायचे आणि तेथून उजवीकडे खाली व उजवीकडे वर जाऊन तिसरा माथा काढायचा. आता कागदावर तीन वेगवेगळ्या उंचीवर तीन तरंगत्या फरश्या दिसतील. मुलींना हा टप्पा अपुरा वाटतो, पण अर्धे काम येथेच झालेले असते.

यानंतर माथ्यांच्या कोपऱ्यांपासून उभ्या रेघा खाली सोडायच्या. डाव्या माथ्याच्या डाव्या आणि पुढच्या कोपऱ्यापासून दोन-दोन ठिपके, उजव्या माथ्याच्या पुढच्या आणि उजव्या कोपऱ्यापासून एक-एक ठिपका. उंच माथ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून एकच ठिपका, कारण तेथे डावा माथा लागतो, आणि उजव्या कोपऱ्यापासून दोन ठिपके. स्वतः क पासून मात्र तीन ठिपके, थेट जमिनीपर्यंत. शेवटी जमिनीवरची कड डावीकडून उजवीकडे खाली-वर-खाली-वर अशी नागमोडी जोडली की आकृती बंद होते.

तुमच्या मुलीची रेघ म्हणजे हीच क पासून खाली आलेली तीन ठिपक्यांची रेघ असणार. कागदावर ती एकच सरळ रेघ दिसते, पण तिचे तीन तुकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. वरचा तुकडा ही उंच मनोऱ्याची बाहेर आलेली खरी कड आहे. सर्वांत खालचा तुकडा हा डाव्या आणि उजव्या मनोऱ्यांच्या भिंती जेथे मिळतात तो आत गेलेला कोपरा आहे, आणि तोही खराच आहे. मधला तुकडा मात्र कड नाही. तेथे मागच्या मनोऱ्याची उजवी बाजू आणि डाव्या मनोऱ्याची उजवी बाजू एकाच सपाटीत आहेत, म्हणून तेथे फक्त दोन घनांचा सांधा आहे. आकृती एकाच लाकडातून कोरली असती, तर हा तुकडा दिसलाच नसता.

वागळे_आरेखक

मी वागळे इस्टेटमध्ये अनेक वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम केले आहे. सरांनी सांध्याबद्दल जे सांगितले त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ड्रॉइंगमध्ये एका सपाटीतील दोन पृष्ठांमध्ये रेघ काढली, तर कारखान्यातला माणूस तेथे खाच आहे असे समजतो आणि जॉब फुकट जातो. त्यामुळे तो तुकडा खोडला ते योग्यच झाले.

परंतु दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक म्हणजे, मागे झाकलेल्या कडा तुटक रेघेने दाखवायला हव्यात. दुसरी म्हणजे, आयसोमेट्रिकमध्ये लांबी खऱ्या मापाने घेत नाहीत. 1 सेंटीमीटरची कड सुमारे 0.82 सेंटीमीटर काढावी लागते. मुलांना सुरुवातीपासून शुद्ध पद्धत शिकवली पाहिजे.

नौपाडा_गणित

तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. पुढच्या दोन गोष्टींशी मात्र नाही. 0.82 हे माप बरोबर आहे, पण ते खऱ्या प्रक्षेपाचे आहे. तिन्ही दिशांच्या कडा त्याच प्रमाणात आखूड होत असल्यामुळे चित्राचा आकार तोच राहतो, फक्त ते एकंदर थोडे लहान दिसते. ठिपक्यांच्या कागदावर एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंतचे अंतर म्हणजे एक घन एवढेच ठरलेले असते. त्यामुळे ते अंतर 1 सेंटीमीटर असो की 8 मिलिमीटर, चित्रावर काहीच परिणाम होत नाही. आयसोमेट्रिक चित्रात झाकलेल्या कडाही सहसा दाखवत नाहीत. या सहा घनांत सगळ्या तुटक रेघा घातल्या, तर त्यातील कित्येक दिसणाऱ्या रेघांवरच येऊन बसतील, आणि उरलेल्यांमुळे मुलाला पुढचे काय आणि मागचे काय हे कळेनासे होईल.

सांध्याच्या रेघेबाबत एक जोड देतो. घन मोजायला लावणाऱ्या प्रश्नांत पुस्तके बहुतेक वेळा सगळे सांधे दाखवतात, कारण ते नसतील तर मोजायचे काय हाच प्रश्न पडतो. तुमच्या आकृतीत असे चार सांधे आहेत: वर सांगितलेला उभा एक, डाव्या मनोऱ्याच्या दोन दिसणाऱ्या बाजूंवर मध्यातून जाणारा प्रत्येकी एक, आणि मागच्या मनोऱ्याच्या उजव्या बाजूवर एक. चारही काढले तर ते घनांच्या रचनेचे चित्र होते, आणि एकही काढला नाही तर एकसंध आकृतीचे. दोन्ही चालते. चालत नाही ते अर्धवट, म्हणजे तीन सांधे न काढता एक काढणे. मुलीने बाकीचे तीन काढले होते का, हे पाहून सांगा.

ऐरोली_आई

सर, वही आत्ताच पाहिली. तिने बाकीचे तीन सांधे काढलेले नाहीत, फक्त ती उभी रेघ सलग खाली आणली आहे. म्हणजे लाल शाई योग्य जागी पडली होती, पण कारण कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक विचारते. चित्र पूर्ण झाल्यावर ते बरोबर आहे की नाही, हे मुलीने स्वतः कसे तपासावे? उत्तरे मागे दिलेली नाहीत.

नौपाडा_गणित

रंगाने तपासावे. सगळे माथे कोरे ठेवायचे, डावीकडे तोंड असलेल्या सगळ्या बाजूंना पेन्सिलीची फिकी छटा द्यायची आणि उजवीकडे तोंड असलेल्यांना गडद. मग प्रत्येक छटेचे समभुज चौकोन मोजायचे. या आकृतीत कोरे 3, फिके 4 आणि गडद 5, असे 12 आले पाहिजेत. 3 कुठून आले ते उघड आहे, मनोरेच तीन आहेत. डाव्या बाजूने समोर उभे राहून पाहिले तर एकामागे एक असलेल्या दोन मनोऱ्यांतील उंच 3 घनांचा आणि शेजारचा 1 घनाचा दिसतो, म्हणून फिके 4. उजव्या बाजूने पाहिले तर 3 आणि 2 दिसतात, म्हणून गडद 5. समोरचे, बाजूचे आणि वरचे दृश्य काढण्याचा जो वेगळा प्रश्न याच प्रकरणात असतो, त्याचा उपयोग येथे होतो.

रंग दिल्यावर ती वादाची रेघही आपोआप कळते. मधल्या तुकड्याच्या दोन्ही अंगांना गडद छटा येते, तर वरच्या आणि खालच्या तुकड्यांच्या एका अंगाला फिकी आणि दुसऱ्या अंगाला गडद येते. मात्र ही कसोटी उंची आपल्याकडे उतरत येते अशा रचनांपुरतीच धरा. पुढचा मनोरा मागच्यापेक्षा उंच असेल, तर दोन गडद बाजू कागदावर चिकटलेल्या दिसूनही प्रत्यक्षात एकमेकींपासून दूर असू शकतात, आणि तेथे त्यांच्यामधली रेघ काढावीच लागते.

कोपरी_रांगोळी

मला गणितातले फारसे कळत नाही, पण कागद विकत आणायची गरज नाही असे वाटते. आमच्याकडे रांगोळीचा भोके पाडलेला कागद असतो, त्यात एक ओळ सोडून ठिपके अधल्यामधल्या जागी येतात. तो वहीच्या पानावर ठेवून पेन्सिलीने ठिपके पाडले की झाले. मी भाचीला असा कागद करून दिला. पण तिने काढलेले घन लांबुळके आणि आडवे पडल्यासारखे दिसत आहेत. काय चुकले असेल?

नौपाडा_गणित

ताई, कल्पना चांगली आहे. कागद आडवा धरला गेला आहे, एवढेच. रांगोळीत ठिपक्यांची सलग ओळ आडवी असते. आपल्याला सलग ओळ उभी हवी. कोणत्याही एका ठिपक्यावर बोट ठेवा. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी सरळ वर आणि सरळ खाली असला पाहिजे. तो सरळ डावीकडे किंवा उजवीकडे असेल, तर कागद काटकोनात फिरवा. आडव्या कागदावर उभी रेघ ओढायला गेले की मधली ओळ ओलांडून पुढच्या ओळीतला ठिपका गाठावा लागतो, आणि ते अंतर शेजारच्या ठिपक्याच्या 1.7 पट असते. लांबुळका घन तेथून येतो. आडवा पडलेला घन मात्र भाचीने आडव्या ओळीवरूनच कड काढल्यामुळे आला असणार.

कागद फिरवूनही आकार विचित्र वाटला, तर पट्टी घेऊन एका ठिपक्यापासून सरळ वरचे आणि तिरपे अंतर मोजा. रांगोळीत ओळींमधले अंतर हौसेप्रमाणे कमीजास्त ठेवलेले चालते, येथे दोन्ही अंतरे सारखीच हवीत. संगणकावर चित्र ओढून पानभर ताणून छापलेल्या कागदांतही हाच दोष येतो.

घणसोली_अकरावी

सर, तुम्ही वर पुढचा मनोरा उंच असण्याबद्दल लिहिलेत म्हणून विचारतो. माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. त्याच्या प्रश्नात चित्र दिले होते आणि घन मोजायचे होते. मी नकाशा मनात असा केला: डाव्या घरात 1, उजव्या घरात 1, पुढच्या घरात 2. मागच्या घराचा पत्ताच लागत नाही. भावाचे उत्तर 4, उत्तरपत्रिकेत 5. शिवाय तो म्हणतो की चित्रात दोन त्रिकोण आहेत, आणि घनाला त्रिकोणी बाजू नसते, म्हणून चित्रच चुकीचे छापले आहे.

नौपाडा_गणित

चित्र बरोबर छापले आहे. पुढच्या मनोऱ्याचा वरचा घन कागदावर पूर्ण षटकोन व्यापतो. डाव्या मनोऱ्याचा माथा हा समभुज चौकोन आहे, पण त्याचा अर्धा भाग या षटकोनाच्या मागे जातो आणि छेद बरोबर त्याच्या आखूड कर्णावर पडतो. उरतो तो समभुज त्रिकोण. उजव्या माथ्याचेही तसेच. उंच घन पुढे आला की मागच्या बाजूंचे असे त्रिकोण होणारच, आणि ते आले नसते तर उलट शंका घ्यावी लागली असती. अशी आकृती काढताना क्रम बदलावा, म्हणजे खोडरबर लागत नाही. आधी पुढचा वरचा घन पूर्ण काढायचा आणि मग मागच्या घनांच्या रेघा त्या षटकोनाच्या आत कोठेही शिरू द्यायच्या नाहीत.

चार की पाच, याचे उत्तर मात्र चित्रातून मिळत नाही. मागच्या घरात जमिनीवर एक घन आहे असे धरा. तो तेथून एक घर डावीकडे पुढे, एक घर उजवीकडे पुढे आणि एक घर वर सरकवला, तर कागदावर पहिल्या दोन हालचाली मिळून तो सरळ एक ठिपका खाली येतो आणि तिसरीने परत एक ठिपका वर जातो. म्हणजे तो जेथून निघाला तेथेच दिसतो. पुढच्या मनोऱ्याचा वरचा घन नेमका त्याच जागी आहे. तो मागच्या घनाला कडेकडेने पूर्ण झाकतो, एक रेघही बाहेर राहत नाही. मागचे घर रिकामे असले तरी आणि तेथे एक घन असला तरी चित्र अगदी एकच येते. तेथे दोन घन असते, तर मात्र वरच्याचा माथा पूर्ण दिसला असता आणि त्याखाली आणखी दोन त्रिकोण आले असते.

वागळे_आरेखक

म्हणूनच मी तुटक रेघेचा आग्रह धरत होतो. तुटक रेघ असती तर मुलाला मागचा घन कळला असता.

नौपाडा_गणित

या उदाहरणात तीही उपयोगी पडली नसती. झाकलेल्या घनाच्या बाहेरच्या सहा कडा वरच्या घनाच्या बाहेरच्या कडांवरच बसतात, आणि त्याच्या माथ्याच्या पुढच्या दोन कडा व त्यांच्या कोपऱ्यापासून खाली येणारी उभी कडही वरच्या घनाच्या तशाच तीन कडांवर येतात. उरलेल्या मागच्या तीन कडाही वरच्या घनाच्या झाकलेल्या तीन कडांवरच पडतात, त्यामुळे वेगळी तुटक रेघ काढायला जागाच उरत नाही. तेथे वरून दिसणारा नकाशा सोबत दिला पाहिजे, दुसरा इलाज नाही.

घणसोली_अकरावी

पण मग परीक्षेत काय लिहायचे? आमच्या वर्गात असे सांगितले होते की रिकामे स्पष्ट दिसत नसेल तर भरलेले धरायचे. त्या हिशोबाने 5 बरोबर ठरतात.

नौपाडा_गणित

तो काही ठिकाणी पाळला जाणारा संकेत आहे, गणिताने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. वरच्या घनाखाली आधार हवा, एवढे मात्र सगळेच गृहीत धरतात. येथे चारही घन मागच्या घनाशिवाय व्यवस्थित उभे राहतात, त्यामुळे आधाराच्या नियमानेही निकाल लागत नाही. मी परीक्षक असतो तर "किमान 4, जास्तीत जास्त 5" या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. सगळे परीक्षक देतील असे मी म्हणणार नाही.

वाशी_सेक्टर_नऊ

मला अजूनही वाटते की किमान-कमाल हे सातवीच्या मुलाच्या डोक्यावरून जाईल. त्याला एक उत्तर हवे असते. प्रश्न काढणाऱ्यानेच "मागे रिकामी जागा नाही" असे एक वाक्य लिहिले असते, तर हा वाद झाला नसता.

ऐरोली_आई

काका, माझ्या मुलीला मी आत्ताच दोन्ही रचना साखरेच्या चौकोनी वड्यांनी करून दाखवल्या. एक डोळा मिटून कोपऱ्यावरून, बऱ्याच वरून पाहिल्यावर मागची वडी जवळजवळ नाहीशी होते, फक्त कडेला किंचित दिसत राहते. तसे का होते, सर? वड्या नीट बसल्या नाहीत म्हणून का?

नौपाडा_गणित

वड्या नीट असल्या तरी नजर जास्त उंच असेल तर थोडे दिसेलच. कागदावरचे चित्र सगळ्या नजररेषा समांतर आहेत असे धरून काढलेले असते. तुमचा डोळा वड्यांच्या जवळ असतो, त्यामुळे नजररेषा पसरतात आणि पुढची वडी मागचीपेक्षा थोडी मोठी दिसते, पण त्याने मागची वडी उलट जास्तच झाकली जाते. लांबून पाहिले, किंवा चार पावले मागे जाऊन मोबाइलचा कॅमेरा मोठा करून फोटो काढला, तर चित्र ठिपक्यांच्या कागदाच्या बरेच जवळ जाईल. नजर मात्र जमिनीपासून सुमारे 35 अंश वर, कोपऱ्याच्या बरोबर समोर ठेवावी लागेल. तुम्ही बहुधा त्यापेक्षा जास्त वरून पाहिले आहे, आणि तसे पाहिले की मागच्या वडीचा माथा पुढच्या वडीच्या वरून डोकावतो.